गोबर गॅसचा नकाशा मराठीत आणताना: खड्ड्यात उतरणाऱ्या माणसाचे शब्द

"ताई, दोन घनमीटरचा खड्डा म्हंजे लईच बारका हुईल की." कागल तालुक्यातल्या एका गोठ्यामागं उभं राहून गवंडीमामा मला हे म्हणाले, तेव्हा माझ्या हातात मीच मराठीत केलेली पुस्तिका होती. पहिल्याच पानावर मी ठळक अक्षरांत लिहिलं होतं: 'संयंत्राची क्षमता : 2 घनमीटर'. मामांनी मनातल्या मनात हिशेब केला. 2 घनमीटर म्हणजे साधारण 70 घनफूट, म्हणजे बाजू जेमतेम चार फुटांच्या. एवढ्या खड्ड्यात रोज पन्नास किलो शेण कसं मावणार, हा त्यांचा प्रश्न अगदी बरोबर होता. चूक माझ्या वाक्यात होती.

गोबर गॅसच्या बांधकामाची कागदपत्रं मराठीत आणायचं काम नव्यानं हाती घेणाऱ्यांसाठी हा लेख आहे. उदाहरण शेवटपर्यंत एकच ठेवते: घरगुती, 2 घनमीटरचा, दीनबंधू नमुन्याचा प्लँट. कोल्हापूरकडं चार-पाच म्हशी बाळगणाऱ्या घराला तो साधारण बसतो. वाचणारा माणूस म्हणजे गवंडी आणि त्याच्या मागोमाग येणारा पाइप फिटर. शेतकरी, अधिकारी आणि बँक यांच्यासाठीचा कागद वेगळा असतो. तो आणि हा एकत्र करू नका.

पहिली पायरी: आकडा कशाचा आहे ते लिहा

'2 घनमीटर' हे त्या प्लँटचं नाव आहे आणि ते गॅसवरून पडलंय. रोज 2 घनमीटर गॅस देणारा तो 2 घनमीटरचा प्लँट. खड्डा किती, टाकी किती, हे त्या आकड्यात नाही. इंग्रजी पुस्तिका लिहिणाऱ्याला हे इतकं अंगवळणी पडलेलं असतं की तो सांगतच नाही, आणि आपण 'कपॅसिटी'चं 'क्षमता' करून मोकळे होतो. गवंड्याच्या कानाला टाकीची क्षमता म्हणजे टाकीत मावेल तेवढं पाणी.

म्हणून भाषांतराला बसण्याआधी या प्लँटमधली तीन मापं स्वतः मांडून बघा. एक किलो ताज्या शेणापासून साधारण 0.04 घनमीटर गॅस मिळतो, म्हणजे 2 घनमीटरला रोज 50 किलो शेण लागतं. त्यात तेवढंच पाणी घातलं की दिवसाला सुमारे 100 लिटर माल आत जातो. हा माल आत किती दिवस राहायचा ते त्या भागाच्या हवामानावरून ठरवतात. आपल्याकडच्या नकाशांवर 30, 40 किंवा 55 दिवस असं लिहिलेलं असतं. थंडी जास्त, तर दिवस जास्त. तुमच्या नकाशावर 40 असतील तर 100 लिटर गुणिले 40, म्हणजे 4,000 लिटर, 4 घनमीटर माल कायम आत असणार. तिसरं माप साठवलेल्या गॅसचं. दीनबंधूत दिवसाच्या गॅसचा सुमारे तिसरा हिस्सा साठवायची जागा धरतात, कारण गॅस दिवसरात्र तयार होत असतो आणि चूल सकाळ-संध्याकाळ पेटते. 2 घनमीटरचा तिसरा हिस्सा म्हणजे साधारण 670 लिटर.

2,000 लिटर गॅस रोजचा, 4,000 लिटर शेणकाला आतला, 670 लिटर गॅस साठलेला. तिन्ही मापं घनमीटरमध्ये येतात आणि तिन्हींना मूळ कागदात कधी 'कपॅसिटी' तर कधी 'व्हॉल्यूम' म्हटलेलं सापडतं. मराठीत 'क्षमता' हा शब्दच मी आता वापरत नाही. 'रोज 2 घनमीटर गॅस देणारा प्लँट' असं पूर्ण वाक्य लिहिते. थोडं लांबतं, पण खड्डा बरोबर खणला जातो.

इथंच '40 दिवस' या भानगडीलाही शब्द लागतो. परिभाषा कोशातून काढलेला 'जलीय धारण काल' मी एकदा वाचून दाखवला होता. मामांनी चहाचा कप खाली ठेवला आणि दुसरीकडं बघितलं. 'शेणाचा आतला मुक्काम, 40 दिवस' म्हटल्यावर मात्र पुढचा प्रश्न लगेच आला: "मग चाळीस दिवसानं सगळं उपसायचं काय?" नाही. रोज शंभर लिटर आत जातं आणि तेवढंच बाहेर पडतं. हे वाक्यही मग त्याच ठिकाणी लिहावं लागलं. बरा शब्द सापडल्याची खूण मला हीच वाटते, की ऐकणारा पुढचा प्रश्न विचारतो.

दुसरी पायरी: नमुना कुठला, हे शब्द निवडण्याआधी बघा

आपल्याकडं गवंड्यांनी दोन प्रकारचे प्लँट पाहिलेले असतात. जुना, खादी ग्रामोद्योग आयोगाचा, ज्यात विहिरीसारख्या गोल बांधकामावर लोखंडी टाकी तरंगते. आणि दीनबंधू, जो अ‍ॅफप्रो या संस्थेनं 1984 साली आणला. त्यात लोखंड नाही, सगळं विटांचं, वर घुमट आणि त्यावर माती.

जुन्या नमुन्यात 'डायजेस्टर' आणि 'गॅस होल्डर' या दोन वेगळ्या वस्तू आहेत. खालची विहीर, वरची टाकी. गवंडी विहीर बांधतो, वेल्डर टाकी करतो, बिलंही दोन. तिथं 'शेण पचायची विहीर' आणि 'गॅसची टाकी' असं लिहिलं तरी कुणाचं काही अडत नाही.

दीनबंधूत हीच जोडी घोटाळा करते. तिथं एकच पोकळ गोळा आहे. तळ उथळ परातीसारखा, त्यावर घुमट. खालच्या भागात शेणकाला, वर उरलेल्या जागेत गॅस. 'गॅस होल्डर' म्हणून बोट दाखवता येईल अशी वस्तूच नाही. ती घुमटातली वरची जागा आहे आणि तिची खालची हद्द दिवसभर वरखाली होत असते. या नकाशात 'गॅसची टाकी' असं लिहिलं की गवंडी विचारतो, टाकी कधी येणार? एका ठिकाणी तर मालकानं फायबरच्या टाकीचा भाव काढून ठेवला होता. म्हणून दीनबंधूसाठी मी 'घुमटातली गॅसची जागा' असं लिहिते आणि नकाशात त्या भागाला फिकट रंग भरते.

'डायजेस्टर'ला काय म्हणायचं यावर पुष्कळ खल होऊ शकतो. 'पाचक' म्हटलं की जेवणानंतरची गोळी आठवते. 'कुजवण टाकी' म्हटलं तर उकिरडा. गवंडी आणि फिटर सरळ 'डायजेस्टर' म्हणतात. तोच शब्द ठेवा, पहिल्यांदा येईल तिथं 'शेण पचायची टाकी' एवढं जोडा आणि पुढं जा. त्यावर वेळ घालवण्याइतकं तिथं काही चुकत नाही.

तिसरी पायरी: स्लरी कुठली ती सांगा

स्लरी हा शब्द कोल्हापूरला नवा नाही. उसाला स्लरी सोडतात: शेण, गोमूत्र, गूळ, बेसन पिंपात भिजवून केलेली. म्हणजे गवंड्याच्या, मालकाच्या डोक्यात एक स्लरी आधीच बसलेली आहे. आता मूळ पुस्तिकेत बघाल तर हौदात कालवलेलं ताजं शेण म्हणजे स्लरी, आत चाळीस दिवस बसलेलं तेही स्लरी, आणि बाहेर पडतं तेही स्लरी. इतकं कमी पडलं म्हणून की काय, घुमटाला आतून गिलावा झाल्यावर सिमेंटचा जो पातळ हात द्यायचा, तीसुद्धा स्लरीच.

माझ्या पहिल्या मसुद्यात 'घुमटाला आतून स्लरीचा थर द्यावा' असं वाक्य गेलं होतं. आपल्याकडं भिंती शेणानं सारवायची पद्धत आहे. गवंड्याला त्यात काही वावगं वाटलं नाही. सुदैवानं त्यानं मालकिणीकडं शेण मागितलं, ती हसली आणि फोन माझ्याकडं आला. गॅस अडवतो तो सिमेंटचा थर. त्याच्या जागी शेण लावलं असतं तर घुमटातून गॅस झिरपत राहिला असता आणि गळती कुठं आहे हे शोधायला पूर्ण प्लँट उपसावा लागला असता.

आता माझ्याकडं वेगळे शब्द आहेत. आत जातो तो 'शेणकाला'. बाहेर येते ती 'स्लरी', कारण शेतात जाणाऱ्या वस्तूला लोक तेच म्हणणार. घुमटाला आतून देतात ती 'सिमेंटची घोटाई'. बाहेर येणाऱ्याला 'मळी' म्हणा असं एका शिक्षकमित्रानं सुचवलं होतं. शब्द चांगला आहे, पण या जिल्ह्यात मळी म्हटलं की साखर कारखाना नाहीतर गुऱ्हाळातली काहील डोळ्यासमोर येते. तसंच 'कालवणाचा हौद'. मला तो फार आवडला होता. पण इथं कालवण भाताबरोबर खातात, आणि साईटवर दोन दिवस त्यावरून तांबडा-पांढऱ्याचे विनोद चालले. शेवटी 'शेण कालवायचा हौद' असा सुटा करून घेतला.

शेणकाला किती दाट, हेही शब्दांतच सांगायचं असतं. मूळ कागदात 'एकास एक' लिहून पुढं घन पदार्थांची टक्केवारी दिलेली असते. ताज्या शेणात घन भाग पाचवा हिस्सा किंवा थोडा कमी. तेवढंच पाणी घातलं की तो निम्म्यावर येतो. हे गणित भाषांतर करणाऱ्यानं समजून घ्यावं, गवंड्याला आणि घरातल्या बाईला मात्र 'एक बादली शेण, एक बादली पाणी, हातानं गुठळ्या फोडून' असं द्यावं. दाटपणासाठी माप घरातलंच आहे: अंगणात टाकायच्या सड्यापेक्षा दाट, सारवायच्या शेणापेक्षा सैल. फार पातळ झालं तर जड भाग तळाला गाळ होऊन बसतो आणि काड्या-कचरा वर तरंगून वाळतो. त्या वरच्या थराला 'मलफेन' असा शब्द मला एका यादीत मिळाला. मी 'साय' लिहिते. दुधावर धरते तशी शेणकाल्यावर धरते आणि गॅसला वर येऊ देत नाही, हे सांगायला वेगळी आकृती लागली नाही.

चौथी पायरी, आणि इथं सगळ्यात जास्त थांबा: 'आउटलेट'

दीनबंधूच्या नकाशात 'आउटलेट' तीन ठिकाणी येतं. घुमटाच्या माथ्यावरचा गॅसचा पाइप हे एक आउटलेट. डायजेस्टरमधून स्लरी ज्या हौदात चढते तो आउटलेट हौद. आणि त्या हौदाच्या भिंतीत वर ठेवलेलं तोंड, जिथून स्लरी बाहेरच्या खड्ड्यात पडते, तेही आउटलेट. तिन्हींना 'निकास' म्हटलंत की सामानाच्या यादीतला 'निकास पाइप, 1 नग' हा गॅसचा की स्लरीचा, हे दुकानदारानं ठरवायचं. गॅससाठी 'गॅसचा पाइप' आणि भिंतीतल्या भोकासाठी 'सांडतोंड' हे दोन शब्द मी पक्के केले. खरी अडचण मधल्या हौदाची.

त्याला 'बाहेरचा हौद' किंवा 'निकास हौद' म्हटलं की गवंडी त्याला वाटेवरची पायरी समजतो: स्लरी आली, थांबली, पुढं गेली. असा हौद जरा लहान केला तर काय बिघडतं? विटा वाचतात, जागा वाचते. गोठ्याच्या मागं जागेची ओढाताण असतेच. आणि इथंच प्लँट मारला जातो.

या हौदाचं काम समजून घ्या, मग नाव आपोआप सापडतं. घुमटात गॅस तयार होतो, त्याला बाहेर जायला वाट नसते, तो खालच्या शेणकाल्याला दाबतो. दबलेला माल दुसऱ्या बाजूनं या हौदात चढतो. सकाळी चूल पेटवली की हौदातली स्लरी आपल्या वजनानं परत खाली उतरते आणि गॅसला पायपातून पुढं ढकलते. म्हणजे जुन्या प्लँटमध्ये लोखंडी टाकीचं वजन जे काम करतं, ते इथं हौदात चढलेली स्लरी करते. जेवढा गॅस साठवायचा तेवढीच जागा या हौदात लागते. आपल्या उदाहरणात 670 लिटर, म्हणजे सुमारे 24 घनफूट. समजायला चार फूट लांब, तीन फूट रुंद आणि सांडतोंडापर्यंत दोन फूट उंच, एवढी जागा (नकाशातली मापं वेगळी असतील, ती तशीच घ्या).

हे गवंड्याला सांगायला मला फार शब्द लागले नाहीत, कारण त्याच्या पिशवीत लेव्हल ट्यूब असते. पारदर्शक नळी, दोन्ही टोकं वर धरून आत पाणी. एका टोकातून हलकं फुंकलं की तिथलं पाणी उतरतं आणि दुसऱ्या टोकाला चढतं. फुंक थांबवली की परत येतं. मी फुंकून दाखवलं तेव्हा मामा म्हणाले, "म्हंजे हौदातली स्लरी वरच्या गॅसला रेटतीय म्हणा." तिथून तो 'रेट्याचा हौद' झाला. शब्द माझा नाही.

आता बघा, लहान केला तर काय होतं. समजा गवंड्यानं 24 ऐवजी 15 घनफुटाचा हौद केला. रात्री गॅस साठत जातो, 425 लिटर स्लरी चढली की हौद भरला. गॅस तर अजून तयार होतोय. पुढची स्लरी सांडतोंडातून बाहेर वाहून जाते आणि ती परत येणार नसते. सकाळी चूल पेटवली की ज्वाला चांगली असते, पण हौदातलं लवकर संपतं. घुमटात अजून गॅस असतो, मागून रेटायला मात्र स्लरी नसते. बाई म्हणते, गॅस संपला. मालक म्हणतो, घुमट गळतोय. फिटर येतो, सगळ्या जोडांना साबणाचा फेस लावतो आणि बुडबुडा कुठंच येत नाही.

ओळखायचं कसं? सुरुवातीच्या दिवसांत, शेण घातलेलं नसतानाही पहाटे सांडतोंडातून भरपूर स्लरी पडलेली दिसते. आणि भाकऱ्यांच्या मध्येच ज्वाला बसते तेव्हा हौदात डोकावलं तर तळ उघडा पडलेला असतो. गळती असेल तर चित्र उलट: रात्रभर चूल बंद असूनही हौदातली पातळी चढतच नाही. हा फरक पुस्तिकेत चार ओळींत लिहिला तर पुढची बरीच भांडणं टळतात, म्हणून मूळ कागदात नसला तरी मी तो घालते. भाषांतरात भर घालावी का, यावर मतभेद असू शकतात. बांधकामाच्या कागदात मला तो अधिकार आहे असं वाटतं, फक्त नकाशा काढणाऱ्या इंजिनिअरला आधी दाखवून.

तोंडाच्या उंचीचंही असंच. सांडतोंड नकाशापेक्षा खाली ठेवलं की हौदाची वरची जागा वाया गेली. म्हणजे पुन्हा लहान हौद. वर ठेवलं तर दुसरं संकट. गॅस नसताना शेण घालत राहिलं की आत, बाहेर, सगळीकडं पातळी सांडतोंडापर्यंत चढते, कारण शेण आत जायची वाट, घुमट आणि हौद या तिन्ही जागा खालून जोडलेल्या आहेत. तोंड गरजेपेक्षा वर गेलं असेल तर घुमटातही स्लरी तेवढी वर येते आणि गॅसच्या पायपात शिरू शकते. शिरोळकडं पुराच्या भीतीनं मालक सगळंच उंच करून मागतात. रेट्याच्या हौदाच्या भिंती उंच करा, हरकत नाही, सांडतोंड मात्र नकाशातल्याच लेव्हलला. उंची वाढवायची तर अख्खा प्लँटच वर घ्यावा लागतो.

या भागाचा माझा शेवटचा मसुदा असा आहे:

'रेट्याचा हौद: घुमटात गॅस साठला की स्लरी या हौदात चढते, चूल पेटवली की खाली उतरते आणि गॅसला चुलीकडं ढकलते. हौदाचं माप कमी करू नये. कमी केल्यास गॅस घुमटात अडकून राहतो. सांडतोंडाची उंची लेव्हल ट्यूबनं घुमटाच्या खुणेवरून घ्यावी, जमिनीवरून नाही.'

शेवटचं वाक्य गवंड्यानंच घालायला लावलं. गोठ्यामागची जमीन कधी सपाट नसते.

पाचवी पायरी: बांधकामाचे शब्द त्याच्याकडूनच घ्या

हा भाग सोपा आहे, फक्त कोश बंद ठेवा. मॉर्टरला 'माल', प्लास्टरला 'गिलावा', क्युरिंगला 'पाणी मारणे', बॅकफिलिंगला 'भराव', शटरिंगला 'सेंट्रिंग'. 'एकास चार' हे प्रमाण 'एक घमेलं सिमेंट, चार घमेली वाळू' असं लिहिलं की घमेलं भरायच्या वेळी कुणाला विचारावं लागत नाही. मिलिमीटरची मापं फूट-इंचात द्या, पण शेजारी मूळ आकडाही ठेवा. रुंदी अर्ध्या इंचानं पुढंमागं चालते, लेव्हल नाही. लेव्हलचे आकडे गोल करू नका.

दोन जागा सांभाळा. एक, 'त्रिज्या' आणि 'व्यास'. घुमट गोल बांधायला गवंडी मध्ये खुंटी ठोकतो आणि दोरी फिरवतो. नकाशात व्यास दिला असेल आणि त्यानं तीच दोरी धरली तर खड्डा दुप्पट रुंद. तसं कुणी करत नाही, पण त्रिज्येचा व्यास समजून अर्धी दोरी धरलेली मी पाहिली आहे. त्यामुळं 'मधल्या खुंटीपासून दोरी इतकी' असं एकच माप लिहा आणि दोन्ही जड शब्द काढून टाका.

दुसरी जागा 'वॉल'. साईटवर वॉल म्हणजे गॅस बंद-चालू करायचा कॉक. जुन्या, तरंगत्या टाकीच्या मोठ्या प्लँटमध्ये डायजेस्टरच्या मध्ये एक भिंत असते, ताजा माल सरळ बाहेर जाऊ नये म्हणून. तिला 'पार्टिशन वॉल' असं देवनागरीत उतरवलं तर फिटर पितळी वॉल शोधत बसतो. 'मधली भिंत' म्हणा.

सहावी पायरी: वाचून दाखवा आणि उलट सांगायला लावा

मसुदा झाला की मेल करू नका. साईटवर जा. एक परिच्छेद वाचा, कागद पालथा घाला आणि विचारा, "आता काय करणार सांगा." 'समजलं का' असं विचारू नका, आपल्याकडं त्याचं उत्तर 'व्हय' असंच येतं, समजलं असो वा नसो. ताईंना वाईट वाटू नये म्हणूनही येतं.

मामांना मी पहिल्या भरणीचा भाग असा वाचून दाखवला होता. मूळ कागदात 'सीडिंग' होतं, म्हणजे चालू प्लँटमधली थोडी स्लरी आणून नव्या प्लँटमध्ये घालायची, म्हणजे जिवाणू तयार मिळतात आणि गॅस लवकर धरतो. मी 'बीजारोपण' लिहिलं होतं. मामांनी उलट सांगितलं: "वर मातीत कायतरी लावायचं." घुमटावर मातीचा भराव असतोच, त्यामुळं त्यांचा अर्थ तसा तर्कशुद्ध होता. बाजूला उभी असलेली त्यांची सून म्हणाली, "अहो, विरजण लावायचं म्हणतात त्या." विरजण. त्या एका शब्दात किती घालायचं, कशाला घालायचं आणि लगेच ढवळत बसू नये, हे सगळं आलं.

उलट सांगताना माणूस जिथं अडखळतो तिथं पेन्सिलनं खूण करा. तीन गवंडी एकाच ठिकाणी अडखळले तर दोष शब्दाचा. एकच अडखळला तर त्याच्या गावचा शब्द वेगळा असू शकतो. राधानगरीत जांभ्यात खणणाऱ्याचे आणि शिरोळच्या काळ्या मातीत खणणाऱ्याचे खड्ड्याबद्दलचे शब्द सारखे नसतात. तेवढ्यापुरता दुसरा शब्द कंसात ठेवायला हरकत नाही.

फिटरचं पान आणि एक वाक्य जे सौम्य करायचं नाही

फिटरसाठी वेगळं पान करा, एकाच बाजूचं. त्याला दाबाचं भाषांतर लागतं. 'वॉटर कॉलम'चं 'जलस्तंभ' करू नका, त्याला देवळासमोरचा खांब दिसतो. 'नळीतलं पाणी इतकं सेंटीमीटर चढतं' असं लिहा. रेट्याच्या हौदातली आणि घुमटातली पातळी यांत 60 सेंटीमीटर फरक असेल तर चुलीपाशी नळीतलं पाणीही जवळपास तेवढंच चढणार. तरंगत्या टाकीच्या प्लँटमध्ये हा चढ साधारण 8 ते 10 सेंटीमीटर असतो आणि दिवसभर तेवढाच राहतो. दीनबंधूत तो सकाळी भरपूर आणि स्वयंपाक संपत आला की अगदी कमी. जुन्या प्लँटवर हात बसलेला फिटर याला बिघाड समजतो आणि कॉक खोलून बघतो, म्हणून हे पानाच्या वरच्या बाजूला.

पायपात पाणी साचतं, कारण गॅस ओला येतो. ते काढायच्या जागेला 'आर्द्रता सापळा' म्हटल्यावर उंदीर धरायचा की काय असं एकानं विचारलं. 'पाणी काढायचा कॉक, पायपाच्या सगळ्यात खालच्या जागी' पुरे होतं. ज्वाला धडधडत, उड्या मारत जळत असेल तर आधी हा कॉक उघडायचा.

आणि आता ते वाक्य. मूळ कागदात 'मर्यादित जागेत प्रवेश करताना योग्य ती दक्षता घ्यावी' अशा अर्थाचं काहीतरी असतं. ते तसं मराठीत आणलं तर शाळेच्या फळ्यावरचा सुविचार होतो. मी लिहिते: 'एकदा शेण भरल्यावर डायजेस्टरमध्ये कुणीही उतरायचं नाही. उपसल्यावरही नाही. आत श्वास घ्यायला हवा नसते. माणूस ओरडायच्या आत पडतो, आणि त्याला काढायला उतरलेला दुसराही पडतो.' त्याखाली: 'पहिला गॅस पेटवायचा नाही, सोडून द्यायचा. त्यात हवा मिसळलेली असते. ज्वाला प्लँटजवळ कधीच लावून बघायची नाही, चुलीवरच बघायची.'

एका कार्यालयात हे वाक्य 'फार भीतीदायक' वाटलं म्हणून 'शक्यतो उतरू नये' असं बदलून आलं होतं. मी 'शक्यतो' खोडून परत पाठवलं.

कागलच्या त्या प्लँटवर काम संपताना मामांनी रेट्याच्या हौदाच्या आतल्या भिंतीवर सांडतोंडाच्या लेव्हलला तांबड्या रंगाची रेघ मारली आणि शेजारी खिळ्यानं ओल्या गिलाव्यात कोरलं: 'हितपतूर'. पुढच्या आवृत्तीत नकाशातल्या त्या रेघेवर मी 'कमाल पातळी' खोडून तेच छापलंय.